एक कार्बन कुठे गेला?

प्रोपेनामाइडवर ब्रोमीन आणि सोडियम हायड्रॉक्साइडची क्रिया केली तर काय तयार होईल? ‘नीट’च्या तयारीत हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. पर्यायांत प्रोपेन-१-अमाइन असतं आणि इथेनामाइनही असतं. अमाइडचं अमाइन होतं एवढंच ज्याच्या लक्षात आहे, तो पहिल्या पर्यायावर खूण करतो. बरोबर उत्तर असतं दुसरं. फरक फक्त एका कार्बनचा आहे, पण बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा अशा परीक्षेत तो पाच गुणांचा ठरतो.

ही अभिक्रिया ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये शोधली. क्लासमध्ये तिला ‘हॉफमन ब्रोमामाइड’ म्हणतात. बहुतेक मुलांना नाव पाठ असतं, अभिकारकंही पाठ असतात. राहून जातं ते एवढंच, की तीन कार्बनांतला एक नेमका का गळतो.

अमाइडमध्ये C=O च्या कार्बनला एका बाजूला अल्किल गट आणि दुसऱ्या बाजूला NH2 जोडलेला असतो. आम्लारी नायट्रोजनवरचा एक हायड्रोजन काढून नेतो आणि त्या जागी ब्रोमीन बसतं. मग दुसरा हायड्रोजनही निघतो. आता नायट्रोजनवर ऋण प्रभार आहे आणि ब्रोमीन ब्रोमाइड होऊन बाहेर पडायला तयार आहे. ते बाहेर पडत असतानाच अल्किल गट कार्बनला सोडून थेट नायट्रोजनवर जाऊन बसतो. सगळी गोष्ट या एका उडीत आहे. तयार होतं R–N=C=O, म्हणजे आयसोसायनेट. पाण्याशी संयोग झाला की त्यातला C=O चा कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुटतो आणि मागे राहतं RNH2. हरवलेला कार्बन तो हाच.

आता समीकरण पाठ करायची गरजच उरत नाही:

```
RCONH2 + Br2 + 4NaOH → RNH2 + Na2CO3 + 2NaBr + 2H2O
```

NaOH चे चार रेणू कशाला, हे विचारायलाच हवं. त्यांतले दोन ब्रोमीनपासून सोडियम हायपोब्रोमाइट तयार करण्यात जातात आणि उरलेले दोन सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनेट करण्यात. अभिक्रियेची मर्यादाही याच वाटेवर सापडते. नायट्रोजनवरचे दोन हायड्रोजन निघावे लागतात, म्हणून CONH2 गट असलेलाच अमाइड चालतो. नायट्रोजनवर आधीच एखादा मिथिल गट असेल, तर गाडी पुढे जात नाही.

याच प्रोपेनामाइडवर LiAlH4 वापरलं तर C=O चं CH2 होतं, कार्बन एकही जात नाही आणि मग खरोखरच प्रोपेन-१-अमाइन मिळतं. प्रश्न काढणारा नेमका इथेच सापळा लावतो. म्हणून कुठलंही कन्व्हर्जन हातात आलं की अभिकारक आठवण्याआधी दोन्ही टोकांचे कार्बन मोजावेत.

प्रोपेनॉइक आम्लापासून इथेनॉइक आम्ल करा, असा प्रश्न घेऊ. तीनाचे दोन झाले, म्हणजे वाटेत हॉफमन हवा. आम्लात अमोनिया घालून तापवलं की आधी अमोनियम क्षार होतो, मग पाणी निघून प्रोपेनामाइड मिळतो. ब्रोमीन आणि NaOH ने त्याचं इथेनामाइन होतं. त्यावर NaNO2 आणि HCl ची क्रिया केली की नायट्रोजन वायू बुडबुड्यांनी निघून जातो आणि इथेनॉल मिळतं. आम्लयुक्त KMnO4 ने त्याचं ऑक्सिडीकरण केलं की इथेनॉइक आम्ल तयार.

उलट जायचं असेल, तर एक कार्बन वाढवायला हवा. त्यासाठी इथेनॉइक आम्लाचं LiAlH4 ने इथेनॉल करायचं, PBr3 ने त्याचं ब्रोमोइथेन आणि अल्कोहोलमधल्या KCN ने प्रोपेननायट्राइल. त्याचं जलीय अपघटन केलं की प्रोपेनॉइक आम्ल हाती येतं. इथे KCN च्या जागी AgCN लिहिलं तर सगळंच बिघडतं. सिल्व्हर सायनाइडमधला सिल्व्हर आणि कार्बन यांच्यातला बंध सहसंयुज असतो, त्यामुळे अल्किल गट नायट्रोजनला जोडला जातो आणि आयसोसायनाइड तयार होतं. त्यातून प्रोपेनॉइक आम्लाकडे जाता येत नाही.

एक शेवटचं उदाहरण प्रत्येकाने वहीत सोडवून पाहावं: बेंझॉइक आम्लापासून अॅनिलिन. सात कार्बनांचे सहा झाले, तेव्हा आधी बेंझामाइड आणि मग हॉफमन. गॅब्रिएल पद्धतीने प्राथमिक अमाइन मिळतं हे आठवून कुणी तिकडे वळलं, तर उत्तर चुकेल. क्लोरोबेंझीनमधलं क्लोरीन थॅलिमाइडच्या क्षाराला सहजी जागा देत नाही, म्हणून अॅनिलिन त्या पद्धतीने बनत नाही.