क्रियापद कुणाचं ऐकतं?

खरेदीखतात शोभेल असं एक वाक्य घेऊ. ‘लिहून देणार यांनी सदर मिळकतीचा ताबा, त्यातील विहीर, आंब्याची चार झाडे व सामाईक रस्त्यावरून ये-जा करण्याची वहिवाट यांसह, लिहून घेणार यांना आज रोजी दिली आहे.’ पहिल्या वाचनात काही खटकत नाही. शेवटी वहिवाट येते, तिच्यामागून ‘दिली आहे’ येतं आणि कानाला ते जुळल्यासारखं वाटतं. तरीही वाक्य चुकलं आहे. इथे ‘दिला आहे’ हवं.

चूक कळायची तर मराठी क्रियापद कुणाच्या मागे जातं ते पाहावं लागतं. ते दर वेळी कर्त्याच्या मागे जात नाही. ‘मालक ताबा देतो’ यात ते मालकाचं ऐकतं, कारण मालक या नामाला विभक्तीचा प्रत्यय नाही. हा कर्तरी प्रयोग. ‘मालकाने ताबा दिला’ म्हणताच कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद ताब्याकडे वळतं. मालकाच्या जागी मालकीणबाई आल्या तरी ‘दिला’च राहतो; ताब्याऐवजी किल्ली असेल तर मात्र ‘दिली’ होतं. हा कर्मणी. ‘मालकाने भाडेकरूंना बोलावले’ यात कर्ता आणि कर्म दोघांनाही प्रत्यय आहे, त्यामुळे क्रियापद कुणाचंच न ऐकता नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. हा भावे प्रयोग. थोडक्यात, कर्ता आणि कर्म यांपैकी जे प्रत्ययाविना आहे ते शोधायचं. दोन्ही तशी असतील, तर कर्त्याचा मान पहिला.

आता खरेदीखताकडे परत जाऊ. ‘लिहून देणार यांनी’ला प्रत्यय आहे, ‘लिहून घेणार यांना’लाही आहे. विहीर, झाडे आणि वहिवाट ही नामं वरवर मोकळी दिसतात, पण यादीच्या शेवटी ‘यांसह’ बसलं आहे. त्या एका शब्दाने तिन्ही नामं बांधली गेली. ‘सह’, ‘सोबत’, ‘शिवाय’, ‘व्यतिरिक्त’ अशा शब्दांनी जोडलेली नामं क्रियापदाच्या हिशेबात धरली जात नाहीत. ती काढून वाक्य वाचलं, तर ‘लिहून देणार यांनी सदर मिळकतीचा ताबा लिहून घेणार यांना आज रोजी दिला आहे’ एवढंच उरतं आणि चूक आपोआप उघडी पडते.

अशी चूक निष्काळजीपणामुळेच होते असं नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ताबा आणि ‘दिला’ यांच्यामध्ये पंधरा-वीस शब्द पडले, की लिहिणाऱ्याच्या डोक्यात शेवटचं ठळक नाम राहतं आणि क्रियापद त्याच्याशी जुळवलं जातं. म्हणून उत्तम उपाय दुरुस्तीत नाही, मांडणीत आहे. मधला मजकूर आधी घ्यावा: ‘विहीर, झाडे व वहिवाट यांसह सदर मिळकतीचा ताबा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांना आज रोजी दिला आहे.’ आणि सगळ्याच गोष्टी सारख्या वजनाने द्यायच्या असतील, तर यादी संपवून ‘हे सर्व दिले आहे’ असं लिहावं. तेव्हा क्रियापद ‘हे सर्व’ला धरून राहतं.

समूहवाचक नामांची अडचण वेगळी आहे. ‘सोसायटीची व्यवस्थापक समिती, जिच्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार व इतर सदस्य असतील, दर महिन्याला बैठक घेतील.’ इथे ‘घेईल’ हवं. आत माणसं कितीही असोत, समिती हे नाम एकवचनी आहे. मधल्या ‘जिच्यात’नेही तेच सांगितलं होतं. मात्र कृती एकेकट्याची असेल तर समितीला कर्ता करू नये. ‘समिती आपापले मत नोंदवेल’ हे अवघडलेलं वाक्य आहे. ‘समितीचे सदस्य आपापले मत नोंदवतील’ हे सरळ.

भूतकाळात तर अशा चुका लपूनही राहतात. ‘पोलीस आले’ आणि ‘पोलीस दल आले’ यांतली क्रियापदं सारखीच दिसतात, पण पहिलं पुल्लिंगी अनेकवचन आहे आणि दुसरं नपुंसकलिंगी एकवचन. ‘बाई आली’ आणि ‘मुलं आली’ यांचंही तसंच. पूर्वी लेखनात हा फरक दिसायचा, कारण दल ‘आलें’ आणि मुलें ‘आलीं’ असं अनुस्वार देऊन लिहीत. १९६२च्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी उच्चार न होणारे असे अनुस्वार काढून टाकले आणि ती खूण गेली. शंका आली तर वाक्य वर्तमानकाळात म्हणून पाहावं. ‘पोलीस येतात’, पण ‘पोलीस दल येते’. वचन लगेच कळतं.

आता अनेक पक्षांचा प्रश्न. ‘मी आणि तू’ असले तर ‘आपण जाऊ’, ‘तू आणि तो’ असले तर ‘तुम्ही जाल’. म्हणजे पहिला पुरुष सर्वांवर, मग दुसरा. वस्तूंच्या यादीत क्रियापद सहसा शेवटच्या नामाशी जुळतं: ‘मीठ आणि साखर संपली’. स्त्री-पुरुष एकत्र असले तर जुनी व्याकरणं नपुंसकलिंगी अनेकवचन सांगतात, ‘नवरा आणि बायको आली’. बोलताना आणि लिहिताना आज ‘आले’ही सर्रास येतं. ‘किंवा’ने जोडलेल्या नामांत जवळचं नाम जिंकतं. म्हणून ‘लिहून देणार किंवा त्यांचे वारस हरकत घेणार नाहीत’ असं अनेकवचनी नाम शेवटी ठेवलं, की वाक्य कानाला लागत नाही.

दस्तऐवजात मात्र खरा धोका आदरार्थी बहुवचनाचा असतो. ‘लिहून देणार हे रक्कम परत करतील’ यावरून देणारा एक आहे की तिघे, हे कळत नाही, कारण मराठीत मान देण्यासाठी एकालाही ‘करतील’ म्हणतात. पक्ष तीन असतील तर ‘लिहून देणार क्र. १ ते ३ हे’ असं लिहावं.

पण क्रमांक घालूनही एक प्रश्न उरतोच. तिघांपैकी पैसे कुणाकडून मागायचे? अनेकवचनी क्रियापद वाचून प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांश येतो असं वाटू शकतं. भारतीय करार कायदा, १८७२ याचं ४३वं कलम वेगळं सांगतं: एकाहून अधिक जणांनी मिळून वचन दिलं असेल आणि करारात उलट काही ठरलेलं नसेल, तर वचन घेणारा त्यांपैकी कुणा एकाकडूनही संपूर्ण पूर्तता मागू शकतो. ज्याने सगळी रक्कम भरली त्याने मग बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करायचा. म्हणून वाटे वेगळे ठेवायचे असतील, तर ‘प्रत्येकी फक्त आपापल्या हिश्श्यापुरता जबाबदार राहील’ असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि तसं नको असेल तर ‘एकत्रितपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहतील’ असं. ‘दिला’च्या जागी ‘दिली’ पडलं म्हणून सहसा कुणाचा व्यवहार मोडत नाही. पण कुणी किती द्यायचं हे ‘राहील’ आणि ‘राहतील’ यांच्या भरवशावर सोडलं, तर ते ठरवायला वकील लागतो.