उतारावर आधी कोण पोहोचतं? परिवलनाच्या पेपरमधले पाच गैरसमज

राणी लक्ष्मीबाई मुलींच्या सैनिकी शाळेमुळे पुण्यात माहीत असलेलं कासार आंबोली हे मुळशी तालुक्यातलं गाव, पिरंगुटहून पौडकडे जाताना लागतं. या गावातल्या बारावीच्या एका विद्यार्थिनीने सराव परीक्षेच्या पेपरचा फोटो सोडवून मागण्यासाठी पाठवला. पेपर एका खासगी क्लासचा होता आणि त्यात परिवलनाचे तीन प्रश्न होते. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हा पहिलाच धडा आहे. विद्यार्थ्यांना सूत्रं बहुतेक पाठ असतात, तरी या धड्यात मार्क जातात, कारण सूत्र कुठे चालतं आणि कुठे नाही याबद्दलच्या काही समजुती डोक्यात घट्ट बसलेल्या असतात. त्या तीन प्रश्नांच्या आधारे त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : मोमेंट ऑफ इनर्शिया हा वस्तूचा ठरलेला आकडा असतो.

वस्तुस्थिती : वस्तुमान ठरलेलं असतं, मोमेंट ऑफ इनर्शिया नसतं. ते अक्षावर अवलंबून असतं. अक्ष सांगितल्याशिवाय ‘या दांड्याचं I किती?’ हा प्रश्नच अपुरा राहतो.

पहिला प्रश्न असा होता : गुळगुळीत टेबलावर २ किलोचा, १.२ मीटर लांबीचा दांडा एका टोकाशी खिळलेला आहे. मोकळ्या टोकाला, दांड्याशी ३० अंशांचा कोन करून, टेबलाच्या पातळीतच १० न्यूटन बल लावलं. कोनीय त्वरण किती? फोटो काढताना कागदाला घडी पडली होती आणि ‘एका टोकाशी खिळलेला’ हे शब्द त्या घडीत गेले होते. आकृतीत खिळ्याचा ठिपका मात्र दिसत होता. तो पाहिला नाही तर हात आपोआप `I = ML²/12` लिहितो. पण ते मध्यातून जाणाऱ्या अक्षासाठी आहे. इथे अक्ष टोकाशी आहे, म्हणून `I = ML²/3`, म्हणजे ०.९६ किलोग्रॅम-वर्गमीटर. मध्याचं सूत्र घातलं तर I चौपट कमी येतं आणि उत्तर चौपट जास्त.

सूत्र आठवत नसेल तर समांतर अक्षाचा नियम वापरावा. मध्याच्या I मध्ये, वस्तुमान गुणिले दोन अक्षांमधल्या अंतराचा वर्ग मिळवायचा. अंतर `L/2` आहे, म्हणून `ML²/12 + ML²/4`, म्हणजेच `ML²/3`. या नियमाची एक अट विसरली जाते : दोनपैकी एक अक्ष वस्तुमानकेंद्रातूनच जायला हवा. एका टोकाच्या I वरून थेट दुसऱ्या एखाद्या बिंदूच्या I वर उडी मारता येत नाही. आधी केंद्राशी यावं लागतं.

गैरसमज २ : टॉर्क म्हणजे बल गुणिले लांबी.

वस्तुस्थिती : बलाचा जो भाग दांड्याला काटकोनात असतो, तेवढाच दांडा फिरवतो. लांबीच्या दिशेने असलेला भाग नुसता खिळ्याला ओढतो. नट सोडवताना पाना त्याच्या लांबीच्या दिशेने कितीही जोरात ओढला तरी नट हलत नाही, हे गॅरेजमध्ये कोणीही सांगेल. म्हणून टॉर्क `10 × 1.2 × sin 30°`, म्हणजे ६ न्यूटन-मीटर. कोनीय त्वरण `6 ÷ 0.96`, म्हणजे ६.२५ रेडियन प्रति सेकंद वर्ग. साइन विसरला तर १२.५ येतं, आणि बहुपर्यायी प्रश्नात हा आकडाही पर्यायांमध्ये असण्याची शक्यता मोठी असते.

इथे फोटोचा आणखी एक धोका आहे. तिरक्या धरलेल्या मोबाइलने काढलेल्या चित्रात कोन बदलतात. या फोटोत ३० अंशांचा कोन डोळ्यांना ४५ च्या आसपास वाटत होता. आकृतीवरून कोन कोणाशी मोजला आहे एवढंच पाहावं, म्हणजे दांड्याशी की दांड्याला काढलेल्या लंबाशी. किती अंश ते छापलेल्या आकड्यावरूनच घ्यावं.

गैरसमज ३ : उतारावर जड किंवा मोठी वस्तू आधी खाली येते.

वस्तुस्थिती : न घसरता गडगडणाऱ्या वस्तूचं त्वरण वस्तुमानावरही अवलंबून नसतं आणि त्रिज्येवरही नसतं. ते वस्तुमान आसापासून किती लांब पसरलं आहे यावर ठरतं. सूत्र असं :

`a = g sinθ / (1 + K²/R²)`

`K²/R²` हे गुणोत्तर भरीव गोलासाठी 2/5, भरीव चकतीसाठी 1/2 आणि कड्यासाठी 1 असतं. वस्तुमान कडेला जितकं जास्त, तितकी खाली येताना मिळणारी ऊर्जा फिरण्यात जास्त खर्च होते आणि पुढे सरकण्यासाठी कमी उरते.

दुसऱ्या प्रश्नात ३० अंशांचा, २ मीटर लांबीचा उतार होता आणि वरून गोल, चकती आणि कडं एकाच वेळी सोडलं होतं. g ९.८ धरून गोलाचं त्वरण ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, चकतीचं ३.२७ आणि कड्याचं २.४५. पोहोचायला लागणारा वेळ अनुक्रमे १.०७, १.११ आणि १.२८ सेकंद. गोल छोटा असो की मोठा, लोखंडी असो की काचेचा, भरीव असेल तर वेळ तोच.

हे घरी पडताळता येतं. एक लांब फळी पुस्तकांवर टेकवा. काचेची गोटी आणि हातातली बांगडी, बांगडी कडेवर उभी धरून, एकाच रेषेतून न ढकलता सोडा. गोटी आधी पोहोचते. मग बांगड्यांची जोडी घ्या, लहान आणि मोठी, हलकी आणि जड. त्या जवळजवळ बरोबरच उतरतात. बांगडी डगमगून वाकडी गेली तर तो प्रयोग सोडून द्या, पुन्हा करा. फळीचा उतार मात्र थोडाच ठेवा, का ते पुढे येईल.

गैरसमज ४ : घर्षण आहे, म्हणजे ऊर्जा वाया जाणारच.

वस्तुस्थिती : न घसरता गडगडताना वस्तूचा जो बिंदू उताराला टेकलेला असतो, तो त्या क्षणी स्थिर असतो. त्यामुळे तिथलं घर्षण स्थितिक असतं आणि त्याने केलेलं एकूण कार्य शून्य असतं. ते सरकण्याच्या वेगाला अडवतं आणि त्याच वेळी टॉर्क देऊन वस्तू फिरवतं. जेवढी ऊर्जा ते एकीकडून घेतं, तेवढीच दुसरीकडे देतं.

चकतीचा हिशेब करून पाहू. उताराची उंची १ मीटर आहे, म्हणून प्रत्येक किलोमागे ९.८ ज्यूल मिळतात. खाली पोहोचताना सरकण्याची ऊर्जा ६.५३ ज्यूल आणि फिरण्याची ३.२७ ज्यूल असते. बेरीज ९.८. काहीच हरवलेलं नाही. घर्षण बल दर किलोमागे १.६३ न्यूटन आहे. त्याला २ मीटरने गुणलं की तेच ३.२७ येतं, म्हणजे नेमकी फिरण्यात गेलेली ऊर्जा. जो विद्यार्थी ९.८ मधून ‘घर्षणाचं नुकसान’ म्हणून ३.२७ वजा करतो आणि वर फिरण्याची ऊर्जाही वेगळी काढतो, तो एकच रक्कम दोनदा वजा करत असतो.

टॉर्क लिहिताना अक्ष मिसळण्याची चूक याच गणितात होते. केंद्राभोवती पाहिलं तर गुरुत्वाचा टॉर्क शून्य, फक्त घर्षणाचा `fR`, आणि I म्हणजे `½MR²`. टेकलेल्या बिंदूभोवती पाहिलं तर घर्षणाचा टॉर्क शून्य, गुरुत्वाचा `MgR sinθ`, आणि I म्हणजे `½MR² + MR²`. दोन्ही मार्गांनी `a = ⅔ g sinθ` येतं. पण टॉर्क टेकलेल्या बिंदूचा आणि I केंद्राचा घेतला तर `a = 2g sinθ` येतं. ३० अंशांच्या उतारावर याचा अर्थ ९.८, म्हणजे चकती उतारावर नव्हे, हवेत सोडल्यासारखी खाली येते. उत्तर `g sinθ` पेक्षा मोठं आलं की कुठेतरी अक्ष मिसळले आहेत हे तिथल्या तिथे ओळखावं.

गैरसमज ५ : उतारावर गोल वस्तू ठेवली की ती न घसरताच गडगडते.

वस्तुस्थिती : त्यासाठी लागेल तेवढं घर्षण उपलब्ध असावं लागतं. आणि ते घर्षण नेहमी `μN` एवढं असतं हेही खरं नाही. `μN` ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात लागेल तेवढंच घर्षण निर्माण होतं.

तिसरा प्रश्न यावरच होता : त्याच ३० अंशांच्या उतारावर कडं सोडलं, स्थितिक घर्षणांक ०.२५ आणि गतिज घर्षणांक ०.२, तर त्वरण किती? फोटोत हा प्रश्न पानाच्या कडेला होता आणि ओळ अर्धी कापली गेली होती. दुसऱ्या प्रश्नात ‘न घसरता’ लिहिलं होतं, म्हणून इथेही तेच असेल असं धरून २.४५ उत्तर लिहिण्याचा मोह होतो. पण ते तपासावं लागतं. कडं न घसरता उतरायला किमान `½ tanθ`, म्हणजे ०.२८९ एवढा घर्षणांक हवा. इथे ०.२५ आहे. म्हणून कडं घसरतं.

घसरायला लागल्यावर गतिज घर्षण चालतं, आणि आता मात्र ते `μN` एवढंच असतं. त्वरण `g sin30° − 0.2 × g cos30°`, म्हणजे ४.९ वजा १.७, साधारण ३.२. दोन मीटरला १.१२ सेकंद. चकतीसाठी लागणारा किमान घर्षणांक ०.१९२ आणि गोलासाठी ०.१६५ आहे, म्हणून ती दोघं याच उतारावर न घसरता उतरतात. गंमत अशी की घसरणारं कडं चकतीच्या जवळजवळ बरोबरीने पोहोचतं. पण आता काही ऊर्जा खरोखरच उष्णतेत जाते, आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचं साधं समीकरण मांडून हे उत्तर येत नाही. बांगडीच्या प्रयोगात उतार थोडा ठेवायचा तो याचसाठी, की बांगडी घसरू नये.

पेपर फोटोवरून सोडवत असाल तर पेन उचलण्याआधी तीन गोष्टी शोधा : अक्ष कुठे आहे, ‘न घसरता’ हे शब्द आहेत की नाहीत, आणि नसतील तर घर्षणांक दिला आहे का. यापैकी एखादी गोष्ट फोटोवरून कळत नसेल तर अंदाजाने गणित पूर्ण करू नका, पेपर सरळ ठेवून फोटो पुन्हा मागवा.