समुद्र मागे हटण्याची वाट पाहू नये

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाखालची जमीन बराच वेळ हादरत राहिली. हादरे थांबताच किनाऱ्यावरची गावे टेकड्यांकडे पळाली. लाट दहाएक मिनिटांतच आली आणि घरे वाहून गेली. पण सुमारे ७८ हजार वस्तीच्या या बेटावर मृत्यू झाले फक्त सात. १९०७ सालच्या लाटेची आठवण आज्यांनी नातवंडांना सांगत जिवंत ठेवली होती. तिथे त्सुनामीला 'स्मोंग' म्हणतात. मोठा भूकंप झाला की डोंगर गाठायचा, एवढाच त्या गोष्टीचा गाभा. त्या दिवशी कुठलाही भोंगा वाजला नव्हता.

समुद्र आधी मागे हटतो, तळ उघडा पडतो आणि मग लाट येते, असे बहुतेकांना वाटते. हे अर्धेच खरे आहे. २००४ मध्ये भूकंपाच्या भेगेच्या पश्चिमेचा समुद्रतळ वर उचलला गेला आणि पूर्वेचा खचला. म्हणून थायलंडकडे लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचला आणि पाणी ओसरले. श्रीलंका आणि तामिळनाडूच्या बाजूला मात्र लाटेचा माथाच आधी आला. पाणी ओसरण्याची वाट पाहणाऱ्याला तिथे ती खूण मिळालीच नसती.

धक्का सौम्य म्हणजे धोका नाही, हा समज त्याहून घातक. जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर १८९६ मध्ये हादरे इतके मंद होते की फारसे कुणी घाबरले नाही. त्यानंतरच्या लाटेने सुमारे २२ हजार जीव घेतले. म्हणून जोरापेक्षा वेळ पाहावा. हादरे मिनिटभर रेंगाळले, तर ते सौम्य असले तरी निघावे. समुद्राकडून विमानासारखी घरघर ऐकू आली तरी तेच करावे.

निघायचे ते पायी. गाडी काढली की अरुंद रस्ते तुंबतात. शक्य तितक्या उंच जमिनीवर जावे आणि खाडी व नदीच्या काठापासून दूर राहावे, कारण पाणी त्याच वाटेने आत घुसते. टेकडी लांब असेल, तर मजबूत काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याहून वरचा.

आणि लगेच खाली उतरू नये. लाटा एकामागून एक, कधी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने येतात. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत पहिल्या लाटा ओसरल्यावर काही लोक दुकाने आवरायला परतले. सर्वांत मोठी ठरली ती चौथी लाट.

कोकणासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. १९४५ च्या नोव्हेंबरात आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा काही तासांनी मुंबईपर्यंत आल्या. इतक्या दूरच्या भूकंपाचा हादरा इथे जाणवेलच असे नाही. अशा वेळी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा इशारा हीच पहिली खूण असते. तो आल्यावर लाट पाहायला चौपाटीवर जाऊ नये आणि प्रशासन सांगेपर्यंत किनाऱ्याकडे परतू नये.