पाठीवरचा लॅपटॉप : पातळ घ्यावा की जाड?

पीयूसीचा निकाल लागून केसीईटीची सीट पक्की झाली, की घराघरांत पुढचा प्रश्न लॅपटॉपचा येतो. पन्नास-साठ हजारांची वस्तू, चार वर्षे वापरायची आणि रोज पाठीवर वाहायची. दुकानात दोन वस्तू समोर ठेवल्या जातात. एक पातळ, हलकी आणि चकचकीत, तिला अल्ट्राबुक म्हणतात. दुसरी जाड, मोठ्या पंख्याची, ‘गेमिंग’ नावाने विकली जाणारी. मुलगा जाडीकडे ओढतो, आई पाठीच्या ओझ्याची काळजी करते आणि वडील विचारतात, ‘तेळ्ळग ऐति, बाळिकी बरतैतेनु सर?’ म्हणजे पातळ आहे खरा, पण टिकेल का?

मच्छे गावात ‘ज्ञानसंगम’ हे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय आहे. १९९८ साली हे विद्यापीठ स्थापन झाल्यापासून खानापूर रस्त्यावरून दप्तर घेऊन जाणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांचे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. त्यांच्यापैकी अनेक जण खानापूर, बेळगाव किंवा आसपासच्या खेड्यांतून बसने येतात आणि बरेचदा उभ्यानेच प्रवास करतात. त्यामुळे लॅपटॉपची तुलना टेबलावर न करता पाठीवर करावी लागते.

वजन चार्जरसकट धरा

डब्यावर छापलेले वजन फक्त यंत्राचे असते. माझ्या दोन विद्यार्थ्यांचे लॅपटॉप आम्ही वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिले. पातळ लॅपटॉप भरला १ किलो ३०० ग्रॅम आणि त्याचा चार्जर ३०० ग्रॅम, मिळून १ किलो ६०० ग्रॅम. जाड लॅपटॉप २ किलो ३०० ग्रॅम आणि त्याचा विटेसारखा चार्जर ६०० ग्रॅम, मिळून २ किलो ९०० ग्रॅम. फरक १ किलो ३०० ग्रॅमचा, म्हणजे जाड लॅपटॉपवाला मुलगा रोज आणखी एक पातळ लॅपटॉप वाहत असतो.

शिवाय पातळ लॅपटॉपचा चार्जर बरेचदा घरी ठेवता येतो. त्याच्या बॅटरीत साधारण ५० वॉट-तास वीज मावते. लिहिणे, वाचणे, साधे प्रोग्रॅमिंग यांना आठ-दहा वॉट पुरतात, म्हणजे पाच-सहा तास निघतात. जाड यंत्र तेवढ्याच बॅटरीवर साध्या कामालाही पंधरा वॉटच्या आसपास घेते, आणि त्याचे तीन-साडेतीन तासच होतात. मग चार्जर नेणे आलेच.

जाडी कशासाठी असते?

प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या, पत्र्याच्या पाकळ्या आणि पंखा लागतो, आणि त्याला जागा लागते. इंटेलने २०११ साली ‘अल्ट्राबुक’ हे नाव प्रचारात आणले, तेव्हापासून जागा कमी आणि म्हणून वीजही कमी, हाच या जातीचा नियम राहिला. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी U हे अक्षर असेल तर त्याची मूळ मर्यादा साधारण १५ वॉटची असते, H असेल तर ४५ वॉटच्या आसपास.

यातली खोच अशी, की पातळ यंत्रही पहिली काही सेकंदे भरपूर वीज घेऊन पळते. दुकानात आपण तेवढेच पाहतो. काम दहा मिनिटे चालले की आतले धातू तापतात आणि यंत्र स्वतःच वेग उतरवते. आम्ही दोन्ही यंत्रांवर Cinebench ही चाचणी दहा मिनिटे चालवली आणि Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager मध्ये वेग पाहत बसलो. पातळ यंत्र सुरुवातीला ३.८ गिगाहर्ट्झवर होते, शेवटी २.३ वर आले. जाड यंत्र ३.९ वरून ३.५ वर थांबले, पण पंख्याच्या आवाजाने शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

ग्राफिक्स कार्डातही हीच गोष्ट आहे. RTX 4050 हे नाव एकच असले, तरी लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. तेव्हा नाव वाचून थांबू नका, वॉट विचारा. पातळ यंत्रात घातलेले मोठे कार्ड नावापुरतेच मोठे असू शकते.

अभ्यासक्रमाला किती लागते?

पहिल्या वर्षाला सी किंवा पायथॉन आणि कॉम्प्युटर एडेड इंजिनिअरिंग ड्रॉइंग येते. हे सारे पातळ यंत्रावर सहज होते. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचे बरेचसे काम तसेच राहते, त्यांना १६ जीबी रॅम अधिक महत्त्वाची.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांना पुढे ॲन्सिससारखी विश्लेषणाची सॉफ्टवेअर लागतात. तिथे वाटते की जाड यंत्राशिवाय भागणार नाही. पण ॲन्सिसच्या मोफत विद्यार्थी आवृत्तीत स्ट्रक्चरल विश्लेषणाला १,२८,००० नोड किंवा एलिमेंटची मर्यादा आहे. एवढा हिशेब १६ जीबी रॅमचे पातळ यंत्रही करते, थोडा वेळ जास्त घेते इतकेच. जिथे खरोखर तासन्‌तास गणित चालते, म्हणजे शेवटच्या वर्षाचा मोठा प्रकल्प, थ्रीडी रेंडरिंग किंवा मशीन लर्निंग, तिथे जाड यंत्राचे पैसे वसूल होतात.

मात्र एक गोष्ट पालकांना सहसा सांगितली जात नाही. जाड लॅपटॉपची पूर्ण ताकद चार्जर लावल्यावरच मिळते. बॅटरीवर तो ग्राफिक्स कार्डाचा वेग आवळतो, आणि तरीही तासा-दीड तासात बॅटरी संपवतो. वर्गात बाकाजवळ सॉकेट नसेल, तर जे बळ मुलगा वाहून आणतो ते त्याला तिथे वापरता येत नाही.

बाळिकी, म्हणजे टिकण्याचे

जाड म्हणजे दणकट असे नाही. स्वस्त जाड लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बुंध्यांत असतात. झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडले की बुंधे उपटतात. उघडताना कट्‌ असा आवाज आला किंवा कडेला फट दिसली, तर लगेच दाखवावे. पातळ लॅपटॉपची दुखरी जागा पडदा. ठासून भरलेल्या दप्तरात डब्याचा कोपरा झाकणावर दाबला, की पडद्यावर पांढरा डाग उमटतो. शिवाय त्याची रॅम बहुधा बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. पातळ घ्यायचा तर पहिल्याच दिवशी १६ जीबीचा घ्यावा.

दोघांनाही लागू असलेली खोड म्हणजे झाकण मिटून लॅपटॉप दप्तरात टाकणे. आजचे यंत्र मिटल्यावर पूर्ण झोपत नाही, मध्येच जागे होऊन बंद दप्तरात तापते आणि बॅटरी लवकर म्हातारी होते. घरून निघताना शट डाउन करावे. बॅटरी किती उरली हे वर्षातून एकदा कमांड प्रॉम्प्टमध्ये असे पाहता येते :

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या अहवालात Design Capacity आणि Full Charge Capacity हे दोन आकडे ताडून पाहावेत. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांखाली गेला असेल, तर नव्या बॅटरीची तयारी ठेवावी.

माझा सल्ला असा. रोज बसने येणाऱ्या कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी पातळच घ्यावा. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलांनीही पहिली दोन-तीन वर्षे पातळ यंत्रावर काढावीत आणि जड गणित कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर करावे. हॉस्टेलवर राहणारा, टेबलावरच काम करणारा आणि खरोखर रेंडरिंग करणारा विद्यार्थी असेल, तर जाड लॅपटॉप त्याच्यासाठी योग्य. दुकानात जाताना मुलाचे रोजचे दप्तर सोबत न्यावे, दोन्ही यंत्रे चार्जरसकट आळीपाळीने त्यात घालून दहा मिनिटे पाठीवर घ्यायला लावावे, आणि मगच पैसे मोजावेत.