गोट्यांचा ओढा किती खरबरीत धरावा?

खरबरीतपणाचा गुणांक म्हणजे ओढ्याचा तळ आणि काठ वाहत्या पाण्याला किती अडवतात हे सांगणारा आकडा. इंजिनिअर तो n या अक्षराने लिहितात. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात तो येतो:

V = (1/n) × R^(2/3) × S^(1/2)

V म्हणजे पाण्याचा सरासरी वेग, सेकंदाला मीटरमध्ये. S म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार. पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ घेऊन त्याला तळ-काठाच्या भिजलेल्या लांबीने भागले की R मिळतो. छेद आणि उतार टेप व लेव्हलने मोजता येतात. n मात्र कोणत्याही उपकरणावर वाचता येत नाही, तो ठरवावा लागतो. सूत्रात तो छेदस्थानी आहे, म्हणून n दीडपट धरला की प्रवाह एक-तृतीयांशाने घटतो.

व्हेन ते चौ यांच्या १९५९ च्या पुस्तकातला तक्ता जगभर वापरला जातो. त्यात स्वच्छ, सरळ नैसर्गिक ओढ्याला ०.०३० आणि तशाच पण दगड व गवत थोडे जास्त असलेल्या ओढ्याला ०.०३५ असे आकडे आहेत. वळणे, डोह, दगड आणि गवत असे सगळे असेल तर आकडा ०.०४५ होतो. तक्त्याची अडचण अशी की समोरचा ओढा नेमका कोणत्या ओळीत बसतो हे दोन माणसे दोन तऱ्हांनी ठरवतात. म्हणून १९५६ मध्ये वूडी कोवन यांनी सुचवलेली पद्धत अधिक उपयोगी पडते. तिच्यात अडथळ्याची कारणे वेगळी करून प्रत्येकाला स्वतंत्र आकडा देतात. तळाच्या द्रव्याचा मूळ आकडा, काठांचा ओबडधोबडपणा, छेदातील बदल, मोठे अडथळे आणि झाडोरा यांची बेरीज करायची आणि नागमोडीपणाच्या गुणकाने गुणायचे.

सुरुवात गोट्यांपासून होते. एम. गॉर्डन वोल्मन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या रीतीने ओढ्यात चालत जायचे. दर पावलाला खाली न बघता बुटाच्या टोकाशी जो दगड बोटाला लागेल तो उचलायचा आणि त्याची ना सर्वांत लांब, ना सर्वांत आखूड अशी मधली बाजू मोजायची. असे शंभर दगड झाले की आकारानुसार रांग लावायची. ज्या आकाराहून निम्मे दगड लहान असतात तो D50, ज्याहून ८४ टक्के लहान असतात तो D84. न बघता उचलण्याची अट महत्त्वाची आहे, कारण नजर नेहमी मोठ्या, ठसठशीत दगडाकडे जाते आणि सरासरी फुगते.

उदाहरणादाखल सह्याद्रीच्या पायथ्याचा एक कल्पित ओढा घेऊ. तळाची रुंदी ८ मीटर, पाण्याची खोली १ मीटर, काठ एकास दीड उताराचे आणि पाण्याचा उतार हजार मीटरला ४ मीटर. छेद ९.५ चौरस मीटर येतो आणि R सुमारे ०.८२ मीटर. D50 ५ सेंटिमीटर, D84 १० सेंटिमीटर. भरड गोट्यांना कोवनचा मूळ आकडा ०.०२८ आहे. काठ थोडेसे कोरलेले, त्याचे ०.००५. रुंदी हळूहळू बदलते, त्याचे काही नाही. अधूनमधून एखादा धोंडा, त्याचे ०.००२. तळ मोकळा, पण दोन्ही काठांवर निर्गुडीची विरळ झुडपे, त्याचे ०.०१०. ओढा जवळपास सरळ, म्हणून गुणक १. बेरीज ०.०४५. वेग सेकंदाला १.२३ मीटर आणि प्रवाह ११.७ घनमीटर येतो. तक्त्यातून नुसता ०.०३० उचलला असता तर प्रवाह १७.५ घनमीटर निघाला असता.

आता या आकड्याची दुसऱ्या वाटेने तपासणी करावी. लिमेरिनोस यांनी १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील गोट्यांच्या ओढ्यांवरून बसवलेले सूत्र R आणि D84 यांवरून n देते. इथे ते ०.०३७ येते. त्यासाठी झाडोरा फारसा नसलेले ओढे निवडले होते, म्हणून झुडपांचे ०.०१० वेगळे मिळवावे. उत्तर ०.०४७, म्हणजे पहिल्याच्या अगदी जवळ. मात्र काठांच्या ओबडधोबडपणाचे ०.००५ इथे पुन्हा मिळवू नयेत. खऱ्या ओढ्यांत मोजलेल्या आकड्यात तो बराचसा आलेलाच असतो आणि एकच अडथळा दोनदा मोजला जातो.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट दिसते. पाणी उतरून R ०.२ मीटरवर आला की त्याच गोट्यांचा n ०.०४९ होतो. उथळ पाण्यात प्रत्येक दगड प्रवाहाच्या मोठ्या भागाला अडवतो, खोल पाण्यात तोच दगड बुडून जातो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या धारेवर काढलेला n जसाच्या तसा पुराला लावला तर पूर कमी भरतो.

झाडोऱ्याचा हिशेब याहून अवघड, कारण तो हलतो आणि वाढतो. लव्हाळ्यासारखे लवचीक गवत जोराच्या पाण्यात आडवे होते, तेव्हा त्याचा अडथळा घटतो. ताठ खोडाची झुडपे वाकत नाहीत आणि पाणी त्यांच्या फांद्यांपर्यंत चढले की अडथळा वाढतोही. ऋतूचाही फरक पडतो. पावसाळ्याआधी विरळ असलेला तोच काठ सप्टेंबरात पानांनी गच्च भरला तर झाडोऱ्याचे ०.०१० ऐवजी ०.०२५ धरावे लागतात. n ०.०६० होतो आणि त्याच पातळीला ११.७ ऐवजी ८.८ घनमीटरच पाणी जाते. म्हणून n ठरवताना पाहणीचा महिना आणि पाण्याची खोली नोंदवून ठेवावी. पाणी काठ ओलांडून शेतात किंवा झाडीत पसरले तर ओढा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या n ने मोजून प्रवाहांची बेरीज करावी. सगळ्याचा मिळून एकच छेद धरला तर उथळ पसरलेले पाणी R ओढून खाली आणते आणि प्रवाह खोटाच कमी दिसतो.

शक्य असेल तेव्हा ओढ्यालाच विचारावे. पाणी वाहत असताना ३० मीटरच्या सरळ टप्प्यात लाकडी ठोकळा सोडला आणि तो २१ सेकंदांत पोहोचला, तर पृष्ठभागाचा वेग १.४३ मीटर. सरासरी वेग त्याच्या साधारण ०.८५ पट, म्हणजे १.२१. सूत्र उलटे सोडवले की n ०.०४६ मिळतो. चुकलेला n ओळखण्याची एक खूणही आहे. काढलेला सरासरी वेग लाटेच्या वेगाहून, म्हणजे ९.८१ गुणिले सरासरी खोली याच्या वर्गमुळाहून, जास्त आला तर n बहुधा कमी धरला गेला आहे. गोट्यांच्या ओढ्यांत असा वेग लांब टप्प्यावर क्वचितच टिकतो. आपल्या उदाहरणात लाटेचा वेग २.९ मीटर आहे आणि पाण्याचा १.२३, म्हणजे उत्तर पटण्यासारखे आहे.

इतके करूनही n एकच आकडा नसतो, पट्टा असतो. इथे ०.०४० ते ०.०५० धरल्यास प्रवाह १३.१ ते १०.५ घनमीटर येतो. ठरावीक पुराची पातळी काढायची असेल तर पट्ट्याचे वरचे टोक घ्यावे, कारण जास्त n ला पाणी उंच चढते. पुलाच्या पायाशी तळ किती खरवडला जाईल हे पाहायचे असेल तर खालचे टोक घ्यावे, कारण तिथे वेगाचा धोका असतो.