पाच दिवसांची कोठडी आणि एक कोरा रकाना

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत पोलीस आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात, त्याला कोर्टाच्या बोलीत ‘पहिली रिमांड’ म्हणतात. आरोपीच्या वकिलाच्या हातात त्या वेळी जवळजवळ काहीच नसतं. वकीलपत्रावर सही घ्यायची, रिमांड रिपोर्टची प्रत मागायची, गर्दीत उभ्याउभ्या दोन पानं वाचायची आणि पुकारा झाला की बोलायचं. आरोपी निर्दोष आहे हे सांगायची ती जागा नव्हे. विचारण्यासारखा प्रश्न एकच असतो, आणि तो पोलिसांना अवघड जातो: याला अटकेची कारणं लेखी दिली का, कधी दिली, आणि त्या कागदात लिहिलंय काय?

राज्यघटनेच्या कलम 22(1) नुसार अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर कळवावी लागतात. फौजदारी कायद्यातही ही तरतूद जुनीच. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 47 मध्ये आहे. पण ‘कळवलं’ म्हणजे काय, हे वर्षानुवर्षं पोलिसांच्या शब्दावर सोडलेलं होतं. स्टेशन डायरीत ‘आरोपीस अटकेची कारणे समजावून सांगितली’ एवढी ओळ पडली की काम झालं. ऑक्टोबर 2023 मध्ये पंकज बन्सल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ईडीच्या अटकांमध्ये कारणं लेखी द्यायला लावली. मे 2024 मध्ये ‘न्यूजक्लिक’चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांच्या खटल्यात तेच यूएपीएला लागू झालं. 6 नोव्हेंबर 2025 रोजी ‘मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने ते सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. हा खटला मुंबईतल्या वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातून आलेला.

आता एक काल्पनिक प्रकरण घेऊ. तालुक्याच्या गावातली दूध संस्था. सभासदांच्या नावे खोट्या पावत्या करून बारा लाखांचा अपहार केल्याच्या आरोपावरून हिशेबनिसाला संध्याकाळी पावणेसातला अटक होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला कोर्टात हजर करून पोलीस पाच दिवसांची कोठडी मागतात: दप्तर जप्त करायचंय, पैसा कुठे गेला ते शोधायचंय. रिमांड रिपोर्टला ‘अटकेची कारणे’ असा मथळा असलेला छापील कागद जोडलेला आहे. त्यात चार वाक्यं आहेत. गुन्ह्याचा योग्य तपास व्हावा म्हणून, पुरावा नष्ट होऊ नये म्हणून, साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून, आरोपी फरार होऊ नये म्हणून. खाली सही, आणि वेळेचा रकाना कोरा.

वकिलाने पहिलं बोट ठेवायचं ते या चार वाक्यांवर. ती मोटारसायकल चोरालाही चालतील आणि खुनाच्या आरोपीलाही. अटक का गरजेची होती याचं हे सर्वसाधारण समर्थन झालं. पुरकायस्थ निकालाने नेमका हाच फरक केला: आरोपीला कळायला हवं ते त्याच्या स्वतःविरुद्ध काय आहे. म्हणजे आमच्या हिशेबनिसाच्या कागदावर असं काही हवं होतं: अमुक महिन्यांत अमुक सभासदांच्या नावाच्या पावत्या तुम्ही तयार केल्याचं लेखापरीक्षणात दिसतं, त्यांवर तुमची सही आहे, ती रक्कम अमुक खात्यात गेली. इतकं हातात असेल तरच वकील म्हणू शकतो की त्या महिन्यात हा माणूस रजेवर होता. छापील चार ओळींना उत्तर देता येत नाही, कारण त्यांत आरोपच नाही.

दुसरं बोट कोऱ्या रकान्यावर. मिहीर शाह निकालात न्यायालयाने व्यवहार पाहून थोडी सूट ठेवली आहे. पोलिसांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडत असेल तर तिथे कागद लिहीत बसता येत नाही. अशा वेळी कारणं तोंडी सांगावीत आणि लेखी प्रत कोर्टात हजर करण्याच्या निदान दोन तास आधी द्यावी. हिशेबाच्या अपहारात ही सूट मागता येत नाही, कारण लेखापरीक्षणाचा अहवाल अटकेआधीच पोलिसांकडे होता. तपास अधिकारी म्हणतील, कागद संध्याकाळी सातलाच दिला. मग वैद्यकीय तपासणीचा कागद काढायचा. सात वाजून दहा मिनिटांनी आरोपी ग्रामीण रुग्णालयात होता अशी तिथे नोंद असेल आणि पोलीस ठाण्यापासून रुग्णालय अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल, तर हा कागद कुठे बसून दिला? अशा तफावती तोंडी वादात सापडत नाहीत. वेगवेगळ्या कागदांवरच्या वेळा शेजारी ठेवल्या की दिसतात.

भाषाही पाहावी लागते. निकाल म्हणतो, आरोपीला समजेल त्या भाषेत कारणं द्या. महाराष्ट्रात इंग्रजी कागदाचा मुद्दा सगळे घेतात. बांधकामावरच्या ओडिया मजुराला मराठी कागद दिला आणि त्याने खाली अंगठा उमटवला, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

सरकारी वकील यावर उत्तरं देतात, आणि ती ठरलेली असतात. एफआयआरची प्रत दिली होती. बायकोला फोन केला होता. फेब्रुवारी 2025 च्या विहान कुमार निकालाने यातलं बरंचसं निकालात काढलं: नातेवाइकाला कळवणं हे वेगळं कर्तव्य आहे, त्याने आरोपीला कळवण्याची उणीव भरत नाही, आरोपीने तक्रार केली की कारणं कळवल्याचं सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर जातो, डायरीच्या नोंदीवर भिस्त ठेवायची असेल तर ती कारणं नोंदीतच लिहिलेली हवीत. ऑगस्ट 2025 चा, कर्नाटकातल्या दर्शन प्रकरणातला निकालही वाचून दाखवला जातो. लेखी कारणं नसली तरी प्रत्यक्ष नुकसान दाखवल्याशिवाय अटक आपोआप बेकायदा ठरत नाही, असा त्याचा रोख आहे. म्हणून ‘कागद नाही’ एवढ्यावर थांबू नये. कागद नसल्यामुळे आज कोठडीला काय विरोध करता आला नाही, तेही सांगावं.

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक यानंतर होते. वकील कळकळीने बोलतो आणि शेवटी सवयीने म्हणतो, “साहेब, पीसीआर नको, एमसीआर द्या.” अटकच बेकायदा असेल तर न्यायालयीन कोठडी तरी कशाच्या जोरावर मागायची? मागणी आधी सुटकेची हवी. ती मान्य न झाल्यास, पर्यायी म्हणून, पोलीस कोठडीची गरज नाही हे मांडावं: दप्तर संस्थेच्या ताब्यात आहे, बँकेचे उतारे बँकेकडून मिळतात, त्यासाठी माणूस कशाला हवा. आणि हे सगळं लेखी अर्जात, त्याच दिवशी. आरोपी पिंजऱ्यात घाबरून “हो, सांगितलं” म्हणाला आणि रोजनाम्यात तेवढंच आलं, तर उच्च न्यायालयात पोलीस मागाहून भरलेला रकाना दाखवतात आणि वकिलाकडे विरोधाची नोंद नसते. नोंद असली तर पुढे दोषारोपपत्र दाखल झालं तरी मुद्दा मरत नाही; विहान कुमार निकाल तसं स्पष्ट सांगतो.

यातून मिळतं ते मर्यादितच. गुन्हा रद्द होत नाही, तपास चालू राहतो. मिहीर शाह निकालानुसार सुटकेनंतरही पोलीस कारणं लेखी देऊन, आधी का दिली नाहीत ते सांगून, पुन्हा कोठडी मागू शकतात, आणि अशा अर्जावर दंडाधिकाऱ्यांनी शक्यतो आठवड्याभरात निर्णय द्यायचा असतो. दुसऱ्या खेपेला पोलिसांचा कागद सहसा पुरा असतो, रकान्यात वेळ असते, पावत्यांचे क्रमांक असतात. तेव्हा हिशेबनिसाच्या वकिलाला दप्तर आणि बँकेच्या उताऱ्यांवरच भांडावं लागतं. फरक इतकाच, की या वेळी कशावर भांडायचं ते त्याला आठवडाभर आधी माहीत असतं.