विचार आपला, इंग्रजी यंत्राचं

मराठीत मसुदा लिहायचा, सॉफ्टवेअरने इंग्रजी करून घ्यायचा आणि प्रकल्प अहवाल जमा करायचा, ही आता सर्रास पद्धत झाली आहे. मग डिटेक्टर 'हे एआयने लिहिलं' असा शेरा मारतो. एका अर्थी तो खोटाही नसतो. विचार विद्यार्थ्याचे असले तरी इंग्रजी शब्द यंत्रानेच निवडलेले असतात.

अनेक डिटेक्टर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, हे मोजतात. भाषांतराचं सॉफ्टवेअर बहुधा सर्वांत संभाव्य शब्दच उचलतं. समजा, नर्सिंगच्या विद्यार्थिनीने लिहिलं : 'लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून बऱ्याच बाया चार दिवसांत त्या सोडतात.' सॉफ्टवेअरने त्याचं 'साइड इफेक्ट्समुळे ट्रीटमेंट डिसकंटिन्यू' असं गुळगुळीत वाक्य केलं, तर बाया, मळमळ, चार दिवस सगळंच गेलं.

दुरुस्ती करताना समानार्थी शब्द बदलत बसू नये. मूळ मराठी वाक्य समोर ठेवून कोण, किती दिवस, कशामुळे हे आपल्याला येणाऱ्या साध्या इंग्रजीत पुन्हा लिहावं.

तरीही शेरा येऊ शकतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले, कारण त्यांची शब्दसंपदा मर्यादित होती. म्हणून तारखांसह मराठी मसुदा जपावा आणि भाषांतराची मदत घेतल्याचं मार्गदर्शकांना आधीच सांगावं.